त्वचेची छटा आणि दोन मापं

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर २०२३पासून डिजियात्रेची सोय आहे. कॅमेरा चेहरा ओळखतो आणि प्रवाशाला आत सोडतो. अशी यंत्रणा गोऱ्या आणि सावळ्या चेहऱ्यांना सारखीच अचूक ओळखते का, हे तपासायचं तर तपासणीच्या प्रत्येक फोटोवर त्वचेच्या छटेची नोंद लागते. ती कोणत्या मापानं करायची?

बरीच वर्षं यासाठी डॉक्टरांचं माप उसनं घेतलं गेलं. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ते मांडलं. सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांचा उपचार देताना केस आणि डोळ्यांच्या रंगावरून मात्रा ठरवली, तर काहींची त्वचा भाजत होती. म्हणून त्यांनी रुग्णालाच विचारायला सुरुवात केली: उन्हात तुमची त्वचा लाल होऊन भाजते, की रापते? उत्तरांवरून गोऱ्या त्वचेचे चार प्रकार ठरले. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. त्यामुळे गव्हाळ आणि गर्द सावळा असे दोन चेहरे एकाच रकान्यात पडू शकतात, आणि यंत्र त्यांतल्या एकालाच चुकत असेल तर ते सरासरीत झाकलं जातं.

समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी गूगलनं २०२२ मध्ये खुली केली. इथे उन्हाचा प्रश्नच नाही. फोटो पाहायचा आणि सर्वांत जवळची छटा निवडायची. म्हणूनच ‘मंकची सातवी म्हणजे फिट्झपॅट्रिकचा पाचवा’ असं कोष्टक करता येत नाही. एक माप दिसणारा रंग सांगतं, दुसरं उन्हाला त्वचा काय उत्तर देते ते.

पण दहा छटांनीही काम आपोआप नेमकं होत नाही. समजा, एकाच बाईचे दोन फोटो आहेत: एक वाड्याच्या ओसरीवरच्या सावलीतला, दुसरा गच्चीवरच्या भर उन्हातला. पहिल्याला सातवी छटा मिळाली आणि दुसऱ्याला पाचवी, तर आपण त्वचा नव्हे, उजेड मोजला. पाहणाऱ्याची नजरही आड येते. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या माणसांनी एकाच फोटोला वेगळ्या छटा दिल्याचं अभ्यासात दिसलं आहे. म्हणून एकेक फोटो वेगवेगळ्या भागांतल्या अनेकांना दाखवावा, एकाच व्यक्तीचे निरनिराळ्या उजेडातले फोटो घ्यावेत आणि मतं किती विखुरली, हेही नोंदवावं.

तेव्हा एखादी यंत्रणा ‘सर्व वर्णांवर तपासलेली’ असल्याचा दावा ऐकाल, तर तीन गोष्टी जरूर विचारा: माप कोणतं वापरलं, छटा कुणी ठरवल्या, आणि प्रत्येक छटेमागे चुका किती झाल्या? तिसऱ्याचं उत्तर छटेगणिक वेगळं काढून दिलेलं नसेल, तर त्या दाव्यावर विसंबू नका.