पाचर कुठल्या बाजूला फुटते?

कुदळीचा दांडा सैल झाला की निपाणीच्या शिवारात आपण त्यात पाचर ठोकतो. पाचर एका टोकाला जाड, दुसऱ्याला निमुळती. शेअरच्या आलेखावरही अशी आकृती उमटते. भावाचे उंचवटे जोडणारी वरची रेघ आणि खळगे जोडणारी खालची रेघ, दोन्ही एकाच दिशेला कललेल्या आणि पुढे जवळ येणाऱ्या. दोन्ही चढत्या असतील तर ती चढती पाचर, उतरत्या असतील तर उतरती.

एक कल्पित शेअर घेऊ. पहिल्या, चौथ्या आणि सातव्या आठवड्यात उंचवटे 520, 528, 536. दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात खळगे 490, 505, 520. खळगे दर तीन आठवड्यांनी 15 रुपयांनी वर येतात, उंचवटे मात्र 8 रुपयांनीच. म्हणजे घेणारे दर वेळी जास्त भाव देऊन लवकर उडी मारतात, पण भाव पुढे ढकलायला तेवढा जोर उरत नाही. उलाढालही सहसा आटत जाते. उशिरा आलेल्यांचे स्टॉपलॉस खालच्या रेघेच्या अगदी खाली दाटतात. रेघ तुटली की ते एकदम सुटतात, म्हणून चढती पाचर बऱ्याचदा खाली फुटते. बऱ्याचदा म्हटले, नेहमी नव्हे. खरीच मोठी मागणी आली तर ती वरही फुटते.

आता खात्री कशी करायची? दहाव्या आठवड्यात खालची रेघ 530 वर आहे. मधल्या वारी भाव 526 ला शिवून शुक्रवारी 533 वर बंद झाला, तर काहीच घडलेले नाही. तो 522 वर बंद झाला आणि उलाढाल मागच्या काही आठवड्यांच्या सरासरीपेक्षा ठळक वाढली, तर फूट खरी मानावी. बेळगावच्या खडेबाजारातला एक ओळखीचा तरुण अशाच वेळी मधल्या वारचा भाव पाहूनच विकून मोकळा झाला होता. बंद भावाची वाट न पाहणे, हीच चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे.

अकराव्या आठवड्यात रेघ 535 वर सरकते. भाव 532 पर्यंत परत चढून तिथूनच वळला, तर जुना आधार आता अडसर झाला. अशी परतभेट प्रत्येक वेळी होत नाही, पण झाली तर विश्वास वाढतो. पाचरीचा पहिला खळगा, म्हणजे 490, हे खालचे साधारण लक्ष्य धरतात. भाव पुन्हा रेघेच्या वर बंद झाला तर अंदाज चुकला असे मानून बाहेर पडावे.

उतरत्या पाचरीत विकणारे थकतात. तिथे वरची रेघ जास्त उतरती असते आणि फूट बहुधा वर होते. खात्री करण्यात फरक एकच, पण मोठा. भाव स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो, वर जायला मात्र खरेदीदार लागतो. म्हणून वरच्या फुटीला उलाढालीची साथ नसेल, तर मी तिच्यावर पैसा लावत नाही.