लग्नासाठी रत्न घेताना



माझ्या पुतणीचे लग्न लांबले तेव्हा जाऊबाईंनी दोन ज्योतिषांना पत्रिका दाखविली. एकांनी पुष्कराज सांगितला. दुसरे म्हणाले, तो मुळीच नको, पोवळे घाला. जाऊबाई गोंधळल्या. मी दोघांनाही कारण विचारले.

मुलीचे वृषभ लग्न. पहिल्यांचे म्हणणे, स्त्रीच्या पत्रिकेत गुरू हा पतीचा कारक, म्हणून त्याचे रत्न पुष्कराज. दुसरे म्हणाले, या लग्नाला गुरू अष्टमेश होतो, त्याला बळ कशाला द्यायचे? सप्तमात वृश्चिक रास, तिचा स्वामी मंगळ, म्हणून पोवळे. म्हणजे एक कारक पाहतो, दुसरा भावेश. दोघेही आपापल्या नियमाला धरूनच होते. रत्नाने लग्न जमते याला पुरावा मात्र दोघांपाशीही नव्हता, हे मी जाऊबाईंना स्पष्ट सांगितले.

तरी मनाच्या समाधानासाठी पुष्कराज घ्यायचे ठरले. पहिले ज्योतिषी खडा आपल्याचकडचा घ्या म्हणाले, तिथे मी सावध झाले. आम्ही सराफाकडे गेलो. स्वस्तातला पिवळा सुनेला पुष्कराज म्हणून खपवितात, आणि नुसत्या डोळ्यांनी आपल्याला ते कळत नाही. म्हणून विचारले, खडा नैसर्गिक की कृत्रिम? तापवून रंग खुलविलेला आहे का? आम्ही आमच्या पसंतीच्या प्रयोगशाळेत तपासून घेऊ. तिथे तो पुष्कराज न ठरल्यास पैसे परत, असे पावतीवर लिहून द्याल का?

लिहून द्यायला सराफ तयार होईनात. जाऊबाईंनी पैसे पुन्हा पिशवीत ठेवले.