दोन टोकांचा स्पर्श

डोळे मिटलेल्या माणसाच्या बोटाच्या टोकावर कंपासची टोके ३ मिलिमीटर अंतराने हलकेच टेकवली, तर तो बहुधा ‘दोन’ म्हणतो. पाठीवर तीच टोके ३ सेंटिमीटर दूर नेली तरी ‘एक’च! असे अंतर वेबर यांनी १८३४ मध्ये अंगभर मोजून मांडले.

प्रत्येक स्पर्शतंतू त्वचेच्या आपापल्या टापूची वार्ता मेंदूस कळवितो. बोटावर हे टापू लहान व दाट, पाठीवर मोठे व विरळ असतात. बोटाची बारीक पारख मुख्यत्वे मर्केल ग्राहकांची. दाब असेतो ते संदेश देत राहतात. पॅसिनी ग्राहकांचा टापू विस्तीर्ण. ते दाब बदलताच जागे होतात नि लगेच निवतात.

म्हणूनच मनगटाचा तुटलेला मज्जातंतू शिवल्यावर रुग्णास बोटावरून फिरणारे टोक आधी उमगते. स्थिर टेकवलेली दोन टोके कितीतरी उशिरा.  तपासताना मात्र टोके एकदमच टेकावीत. मागेपुढे टेकली, तर ‘दोन’ हे उत्तर फसवे ठरते.