हातोड्याचा आकडा आणि कोअरची साक्ष



परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरी गावात आपला हा मेळावा भरला आहे. अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा अशी आपली प्रथा आहे. रस्ते, बंधारे, घरकुलं यांचा आढावा सरचिटणीसांच्या अहवालात छापलेला आहे, तो आपण वाचालच. मला मिळालेला वेळ मी एकाच गोष्टीसाठी वापरणार आहे. ती बोलायची राहून गेली तर मला झोप लागणार नाही.

आपण जुन्या इमारतींना रिबाउंड हॅमर लावतो, त्याच्या आकड्यावरून काँक्रीटची ताकद लिहितो आणि खाली सही करतो. हे थांबलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे काम आता फार वाढलं आहे. महानगरपालिकांच्या हद्दीत तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक झाली. गावाकडे शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या यांचे अहवाल मागवले जातात. कामं जास्त, वेळ कमी आणि पैसे त्याहून कमी. हॅमर पिशवीत मावतो, दिवसभरात अख्खी इमारत होते. कोअर काढायचा तर यंत्र, पाणी, वीज, दोन माणसं, प्रयोगशाळा आणि मालकाची परवानगी लागते. मग कोअरचा रकाना रिकामा राहतो.

हॅमर काय मोजतो ते एकदा स्पष्ट बोलू. स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट यांनी १९४८ च्या सुमारास हे यंत्र केलं. आत स्प्रिंगवर ताणलेलं वजन असतं, ते दांड्यावर आपटतं आणि उसळून मागे येतं. किती मागे आलं, तो आकडा. म्हणजे मोजला जातो तो पृष्ठभागाचा कठीणपणा, तोही वरच्या तीनेक सेंटिमीटरचा. ताकद आपण त्यावरून अंदाजाने काढतो. आपल्या भारतीय मानकातच लिहिलं आहे की हा अंदाज पंचवीस टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, आणि ते कधी? त्याच खडीच्या, त्याच सिमेंटच्या ठोकळ्यांवर हॅमर आधी पडताळून घेतला असेल तेव्हा. यंत्राच्या अंगावर चिकटवलेला तक्ता असा पडताळलेला नसतो. तो कोवळ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवरून केलेला असतो. पन्नास वर्षं उन्हात उभ्या असलेल्या कॉलमला तो लावायचा कसा?

जुन्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शिरतो, त्यातल्या चुन्याशी संयोग पावतो आणि वरचा थर कठीण होतो. या कार्बोनेशनमुळे हॅमर ताकद दीडपटीपर्यंत जास्त दाखवू शकतो, हेही मानकच सांगतं. आणि नेमका हाच थर आतल्या गजाचं संरक्षण काढून घेतो, गंज तिथूनच सुरू होतो. म्हणजे इमारत जितकी खंगते, तितका हॅमरचा आकडा चांगला येतो. यापेक्षा धोकादायक काय असू शकतं?

याच परिसरातल्या एका दुमजली सार्वजनिक इमारतीचं काम माझ्याकडे आलं होतं. इमारत सत्तरच्या दशकातली, १:२:४ चं काँक्रीट, नऊ इंच बाय बारा इंचाचे कॉलम, हाताने फोडलेली काळी खडी. वर तिसरा मजला चढवायचा होता. आधीच्या एका तपासणीचा अहवाल फाइलमध्ये होता. कॉलमचे सरासरी आकडे छत्तीसच्या आसपास, तक्त्यावरून ताकद बत्तीस न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, शेरा "काँक्रीट उत्तम". एका कोपऱ्यातल्या कॉलमचा आकडा अठ्ठावीस आला होता, त्याच्यापुढे "कमकुवत, पाडून नवीन करावा" असं लिहिलं होतं. त्या आकड्यांवर तिसऱ्या मजल्याचा नकाशा तयारही झाला होता.

मित्रहो, त्या काळात या भागात हाताने कालवलेल्या १:२:४ च्या मालातून बत्तीसची ताकद येते, हे कोणत्याही अनुभवी माणसाला पटणार नाही. नियमाने तेव्हा त्या मालाकडून पंधराची अपेक्षा असायची. आकडा अपेक्षेच्या दुप्पट आला की आनंद वाटू नये, शंका यावी.

मी आधी गिलावा काढायला लावला. गिलाव्यावरून घेतलेला आकडा हा गिलाव्याचा आकडा, तो काँक्रीटचा नव्हे. पृष्ठभाग कार्बोरंडमच्या दगडाने घासून घेतला. हॅमर कामाआधी पोलादी ऐरणीवर ऐंशीच्या जवळ येतो का ते पाहिलं, कारण बिघडलेला हॅमरही आकडा देतोच. मग कॉलमवर छातीच्या उंचीला आकडे घेतले, आणि पायथ्याशी, फरशीपासून वीतभर वरही घेतले. वरचे आकडे जुन्या अहवालाशी जुळले. पायथ्याशी मात्र दोन कॉलममध्ये तळहाताएवढ्या जागेत एक आकडा बावीस, शेजारचा बेचाळीस, पुढचा पंचवीस. यांची सरासरी काढली तर ती पास होण्याजोगी दिसते. पण हॅमरला जे सांगायचं आहे ते सरासरीत नाही, या विखुरण्यात आहे. एकसंध काँक्रीटमध्ये आकडे असे पळत नाहीत.

मग कोअर. गजाची जागा लोकेटरने शोधली, कॉलमला शेजारून टेकू दिले आणि पंचाहत्तर मिलिमीटर व्यासाचे कोअर काढले. खडी वीस मिलिमीटरची होती, व्यास खडीच्या किमान तिप्पट हवा, तो नियम पाळला गेला. चांगल्या कॉलममधून आलेल्या कोअरवर फेनॉल्फ्थॅलिन शिंपडलं. आतला भाग लगेच गुलाबी झाला, बाहेरचा अंगठ्याच्या रुंदीपेक्षा जास्त भाग पांढराच राहिला. हॅमरने पारखला होता तो हाच पांढरा भाग.

प्रयोगशाळेत कोअर दोन दिवस पाण्यात ठेवून चिरडले. एकाचा हिशेब सांगतो. लांबी व्यासाच्या एक पूर्णांक सहा दशांश पट. भार सत्तावन्न किलोन्यूटन, क्षेत्रफळाने भागून बारा पूर्णांक नऊ. लांबी दुप्पट नसल्यामुळे ०.९५६ ने गुणलं, व्यास लहान म्हणून तीन टक्के वाढवलं, आणि दंडगोलावरून ठोकळ्याची ताकद काढण्यासाठी सव्वापट केली. आली सोळा. बाकीचे कोअर त्याच्या आगेमागेच. अहवालातली बत्तीस कुठे आणि ही सोळा कुठे!

आणि तो कोपऱ्यातला "कमकुवत" कॉलम? त्याला लागून पाण्याची टाकी होती, तो कायम ओला. ओल्या पृष्ठभागावर आकडा कमी येतो आणि ओलीमुळे कार्बोनेशनही फारसं झालेलं नव्हतं. कोअरची ताकद सतरा आली, म्हणजे बाकीच्यांपेक्षा तसूभर जास्तच. पाडायला सांगितला होता तो कॉलम सर्वांत धड निघाला.

उलट पायथ्याशी ज्यांचे आकडे विखुरलेले होते, त्यातल्या एकाचा कोअर नळीतून बाहेर आला तो तीन तुकड्यांत. मधल्या तुकड्यात खडीभोवती सिमेंटच नव्हतं, नुसत्या पोकळ्या, आणि त्यात गोणपाटाचा एक तुकडा अडकलेला. सेंट्रिंगच्या फटीतून चिखलासारखा सिमेंटचा लगदा वाहून गेला असणार, आणि फट बुजवायला कुणीतरी गोणपाट कोंबलं असणार.

आता आपल्यातला वाद. काही मंडळी म्हणतात, कोअर तुटला तर चाचणीच होत नाही, तो धरू नये, दुसरा काढावा. मी या मताशी अजिबात सहमत नाही. त्या इमारतीतला सर्वांत खरा पुरावा तो तुटलेला कोअर होता. अहवालात त्याचा फोटो पहिल्या पानावर हवा.

दुसरं म्हणणं, कोअर काढल्याने कॉलम दुबळा होतो. होतो, बारा इंचाच्या बाजूत पंचाहत्तर मिलिमीटरचं भोक म्हणजे रुंदीचा चौथा हिस्सा. म्हणूनच टेकू द्यायचे, गज वाचवायचे, आणि भोक त्याच दिवशी न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरायचं. मी हे नेहमी केलं आहे आणि एकाही कॉलमला तडा गेलेला पाहिला नाही. तपासणीच्या भीतीने इमारतीची खरी ताकद न जाणणं, हा कोणता शहाणपणा?

तिसरं, पंच्याऐंशी आणि पंचाहत्तर टक्क्यांचा नियम. आय.एस. ४५६ मधला तो नियम नव्या कामात ठेकेदाराचा माल शंकास्पद वाटला तर तो स्वीकारायचा की नाही, यासाठी आहे. किमान तीन कोअर, सरासरी पंच्याऐंशी टक्के, एकही पंचाहत्तरच्या खाली नको. जुन्या इमारतीला पास-नापास करायला तो वापरू नका. तिथे प्रश्न वेगळा आहे: हाती आलेल्या सोळाच्या ताकदीवर कॉलम आज किती भार पेलेल?

तो हिशेबही केला. सोळा धरून त्या कॉलमच्या काँक्रीटचा वाटा साधारण पंचेचाळीस टन येतो, बत्तीस धरला तर नव्वद. आहेत त्या दोन मजल्यांचा भार, सुरक्षिततेचा गुणक धरून, चाळीस टनांच्या आत होता. तिसरा मजला चढवला तर सत्तावन्नच्या घरात जात होता, आणि गंजलेल्या बारीक गजांची भर ती तूट भरून काढणारी नव्हती. म्हणून आम्ही लिहिलं: दोन मजले राहू द्या, पायथ्याशी पोकळ असलेल्या कॉलमना टेकू देऊन जॅकेटिंग करा, टाकीची गळती बंद करा, तिसरा मजला नको. माझ्यावर नाराजी झाली. नकाशा रद्द झाला.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या मराठवाड्यात दगडमातीच्या घरांवरचा विश्वास उडाला आणि स्लॅबच्या इमारतीवर तो आंधळेपणाने बसला. लोक सिमेंटच्या घराकडे निर्धास्त मनाने पाहतात. त्यांचा तो विश्वास आपल्या सहीवर टेकलेला आहे. माझ्यासोबत काम केलेले जुने मिस्त्री कॉलम ठोकून आवाजावरून पोकळी सांगायचे. त्यांतले बहुतेक आता नाहीत, आणि त्यांच्या जागी आपण तक्ता आणून बसवला.

मी हॅमरच्या विरोधात नाही. कोअर कुठे घ्यायचा हे त्याच्याइतकं स्वस्तात कुणी सांगत नाही. ज्या जागी कोअर घेतला तिथले हॅमरचे आकडे जोडीने मांडा, त्यांचं प्रमाण काढा आणि उरलेल्या कॉलमचे आकडे त्या प्रमाणात खाली आणा. आमच्या इमारतीत ते निम्मं निघालं, दुसऱ्या इमारतीत वेगळं निघेल. म्हणून एका इमारतीचं प्रमाण दुसरीला लावू नका.

आपल्या जिल्ह्यात काढलेल्या कोअरची एक नोंदवही व्हावी, खडी, वय, कार्बोनेशन, हॅमर आणि कोअर एका ओळीत, असं माझ्या मनात आहे. कोण करणार, कुठे ठेवणार, हे कार्यकारिणीने बसून ठरवावं. तालुक्याला एक कोअर यंत्र भाड्याने मिळावं यासाठीही कुणाकडे तरी अर्ज करू.

पण त्याची वाट पाहू नका. उद्या तुमच्यापुढे जुन्या शाळेचा अहवाल सहीला आला आणि त्यात फक्त हॅमरचे सरासरी आकडे असतील, तर सही करू नका. मूळ आकडे मागा, किमान तीन कोअर मागा, आणि ते मिळेपर्यंत फाइल परत पाठवा.