मशीन आली, आता तारीख कोणती कळवायची?

नवी व्हीएमसी मशीन शेडच्या दारात उतरली की पहिला फोन जातो कंपनीला: "इंजिनीअर कधी पाठवता?" खरं तर हा प्रश्न आपणच आपल्याला विचारायचा असतो. तारीख ठरते ती आपल्याकडच्या सगळ्यांत रेंगाळणाऱ्या कामावरून.

समजा, पाच टनांची मशीन ३ जूनला आली. तिच्यासाठी काँक्रीटचा पॅड घातला २८ मेला. वरून तो चार दिवसांत टणक दिसतो, पण पूर्ण ताकद धरायला अठ्ठावीस दिवस लागतात. म्हणजे २५ जून. त्याआधी मशीन ठेवून लेव्हल केली, तर पॅड बसतो आणि लेव्हल हलते. म्हणून २६ जूनच्या आधीची तारीख देऊ नये.

आता वीज. मशीनला पंचवीस केव्हीए लागतात आणि तुमचा मंजूर भार आहे वीस हॉर्सपॉवर, म्हणजे जेमतेम पंधरा किलोवॅट. त्यावर दोन लेथ आधीच चालतात. वाढीव भाराचा अर्ज महावितरणकडे मशीनची ऑर्डर देतानाच करायला हवा होता. तो मंजूर नसेल, तर २६ जूनही विसरा. भार मिळाला तरी अर्थिंग उरतं. मशीनसाठी स्वतंत्र अर्थिंग करा. मग मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजा. तो साधारण दोन व्होल्टच्या आत हवा. मोजायचा मात्र शेजारचं वेल्डिंग चालू असताना. रविवारी, सगळं बंद असताना आकडा छानच येतो. हा व्होल्टेज जास्त असला की कंट्रोलर विनाकारण अलार्म देतो आणि दोष मशीनवर जातो.

जागेचं म्हणाल तर मागच्या कॅबिनेटचं दार पुरतं उघडावं, साधारण तीन फूट. वाटेकडे मात्र नीट बघा. शटर दहा फुटी असलं तरी हायड्राचा बूम छताखाली उचलता येत नाही. मशीन बाहेर उतरवून रोलरवर आत सरकवावी लागते, आणि त्या वाटेवर गटाराचं पातळ झाकण असेल तर ते आधीच बदला.

एवढं झालं की कंपनीला फोन नको, लेखी कळवा: "पॅड २५ जूनला तयार, वाढीव भार मंजूर, अर्थिंगचं रीडिंग सोबत, हवेचा दाब सहा बार, हायड्रा आमच्याकडून. २६ जूनला इंजिनीअर पाठवावा." जे झालेलं नाही, तेही त्यातच लिहा. इंजिनीअर येऊन रिकामा परतला, तर त्या फेरीचं बिल बहुधा तुमच्याच नावावर येतं.

आणि आजच ऑर्डरचा कागद काढून बघा, वॉरंटी मशीन पोचल्यापासून धरली आहे की चालू झाल्यापासून. पहिलं असेल, तर ३ जूनपासून ती संपायला लागली आहे.