बेरीज की तळ? विषम मिळकतीचे मोजमाप आणि भिवंडीचा यंत्रमाग

एखाद्या वस्तीत किंवा एखाद्या धंद्यात मिळकतीच्या दोन वेगवेगळ्या वाटण्या शक्य असतील, तर त्यांपैकी समाजाच्या दृष्टीने कोणती चांगली, हे ठरवण्यासाठी कोणता तरी निकष आधी मान्य करावा लागतो. अर्थशास्त्रात या कामासाठी दोन निकष परस्परांसमोर उभे केले जातात. पहिला उपयोगितावादी निकष होय. जेरेमी बेंथमने 1789 साली त्याची मांडणी केली आणि त्याचा आशय असा, की प्रत्येक व्यक्तीला मिळणाऱ्या समाधानाची, म्हणजे उपयोगितेची, बेरीज करावी आणि जिची बेरीज मोठी ती वाटणी श्रेष्ठ मानावी. दुसरा निकष मॅक्सिमिन या नावाने ओळखला जातो. जॉन रॉल्सच्या 1971 सालच्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथातील विचारावरून तो अर्थशास्त्रात रूढ झाला. त्यानुसार प्रत्येक वाटणीत सर्वांत खाली कोण आहे आणि त्याच्या पदरात किती पडते एवढेच पाहायचे, आणि ज्या वाटणीत हा तळ सर्वांत उंच असेल ती श्रेष्ठ ठरवायची.

हे दोन निकष प्रत्यक्षात कसे काम करतात, हे भिवंडीच्या यंत्रमाग धंद्याच्या आधाराने पाहणे सोयीचे आहे, कारण या धंद्यात मिळकतीच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. व्यापारी सायझिंग झालेली बीम आणि बाण्याचे सूत मागमालकाकडे देतो, मागमालक ते पिकाच्या दराने, म्हणजे कापडात बसणाऱ्या बाण्याच्या धाग्यांवर ठरलेल्या पैशांनुसार, विणून देतो, विणकर कामगाराला मीटरवर मजुरी मिळते आणि धोट्यात बसणाऱ्या कांड्या भरून देणारा कामगार साखळीच्या शेवटी असतो. माग बंद राहिला तर मीटर भरत नाही आणि मीटर भरला नाही तर मजुरी होत नाही. त्यामुळे बाजारातल्या मंदीचा भार वरून खाली येताना सर्वांत कमी मिळकतीच्या माणसावर येऊन थांबतो.

आता समजा, समान संख्येचे चार गट आहेत: कांडी भरणारे, विणकर, छोटे मागमालक आणि मोठे मालक-व्यापारी. पुढील आकडे केवळ गणितासाठी घेतलेले असून ते महिन्याची मिळकत हजार रुपयांत दाखवतात. पहिल्या वाटणीत त्या चौघांना अनुक्रमे 8, 20, 32 आणि 140 मिळतात; दुसऱ्या वाटणीत 10, 25, 40 आणि 90; तिसऱ्या वाटणीत 12, 18, 30 आणि 60. नुसत्या रुपयांची बेरीज केली, तर पहिली वाटणी 200, दुसरी 165 आणि तिसरी 120 अशी ठरते, आणि याच क्रमाने त्यांची श्रेष्ठता लावली जाईल. पण उपयोगितावादाच्या नावावर हा क्रम मांडणे हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण त्याला रुपयांची नव्हे तर समाधानाची बेरीज अभिप्रेत आहे, आणि आठ हजार मिळवणाऱ्याच्या हातात पडणारा पुढचा रुपया व एक लाख चाळीस हजार मिळवणाऱ्याच्या हातात पडणारा पुढचा रुपया सारखेच समाधान देतात, असे कोणीही समंजस उपयोगितावादी म्हणत नाही.

मिळकत वाढत गेली की पुढच्या रुपयापासून मिळणारे जादा समाधान कमी कमी होत जाते, यालाच घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम म्हणतात, आणि सारा वाद अखेर ही घट किती वेगाने होते या एका प्रश्नाभोवती फिरतो. 1738 साली डॅनियल बर्नुलीने सुचवल्याप्रमाणे मिळकत दुप्पट झाली की पुढच्या रुपयाचे मोल निम्मे होते असे मानले, तर समाधानाच्या बेरजेने लागणारा क्रम आणि मिळकतींच्या गुणाकाराने लागणारा क्रम एकच येतो. त्याप्रमाणे पहिल्या वाटणीचा गुणाकार 7,16,800, दुसरीचा 9,00,000 आणि तिसरीचा 3,88,800 भरतो, म्हणजे दुसरी वाटणी अव्वल ठरते आणि रुपयांच्या बेरजेत सर्वांत वर असलेली वाटणी दुसऱ्या स्थानी उतरते. मॅक्सिमिन मात्र 8, 10 आणि 12 हे तीनच आकडे पाहतो आणि तिसरी वाटणी सर्वश्रेष्ठ, दुसरी मध्यम व पहिली कनिष्ठ असा रुपयांच्या बेरजेच्या अगदी उलटा क्रम लावतो. अशा रीतीने एकाच तीन वाटण्यांचे तीन वेगळे क्रम लागतात.

हे दोन निकष परस्परांना छेद देणारे दोन स्वतंत्र मार्ग आहेत, असे मात्र नाही. त्यांना जोडणारा एक उतार आहे आणि तो अँथनी ॲटकिन्सनने 1970 साली स्पष्ट मांडला. मिळकत दुप्पट झाल्यावर रुपयाचे मोल निम्मे होते असे न मानता ते चतुर्थांश होते असे मानले, तरी वरच्या उदाहरणात दुसरी वाटणीच अव्वल राहते, पण तिसरी पहिलीच्या पुढे जाते. मोल अष्टमांश होते असे मानले, की तिसरी वाटणी दुसरीलाही मागे टाकते आणि लागणारा क्रम मॅक्सिमिनच्या क्रमाशी जुळतो. ही घट आणखी तीव्र करत गेल्यास अखेर फक्त तळच्या माणसाचे मोल शिल्लक राहते, म्हणजेच मॅक्सिमिन हे त्या उताराचे टोक ठरते. म्हणून तळच्या हजारासाठी वरच्यांकडून किती हजार सोडायचे, या प्रश्नाला उत्तर देताना कोणीही मूल्यनिर्णय टाळू शकत नाही. फक्त तो कोणत्या आकड्यात दडवला आहे, हे पाहता येते.

हा मूल्यनिर्णय कसा करावा याचे दोन प्रसिद्ध युक्तिवाद एकाच कल्पनेतून निघालेले आहेत. समाजातील आपली जागा कोणती येणार हे ज्याला माहीत नाही, अशा माणसाने वाटणी निवडायची ठरवली, तर तो कोणती निवडील? जॉन हरसान्यीने 1950च्या दशकात असे म्हटले, की कोणत्याही जागी येण्याची शक्यता सारखी मानून तो सरासरी समाधान पाहील आणि म्हणून उपयोगितावादी निवड करील. रॉल्सने असे उत्तर दिले, की हा निर्णय एका दिवसाच्या व्यवहाराचा नसून साऱ्या आयुष्याचा आहे, शक्यता ठाऊक नसताना सरासरीवर विसंबणे म्हणजे इतरांच्या लाभासाठी स्वतःचे आयुष्य पणाला लावणे होय, म्हणून तो सर्वांत खालच्या जागेचा आधार बळकट करील. येथे हे लक्षात ठेवले पाहिजे, की रॉल्सने हा नियम समाजाच्या मूलभूत रचनेसाठी मांडला आणि तळाची व्याख्या समाधानावर न ठेवता हक्क, संधी व मिळकत यांसारख्या प्राथमिक साधनांवर ठेवली. शिवाय मॅक्सिमिन म्हणजे सर्वांना सारखी वाटणी, हा समज चुकीचा आहे. सारखेपणामुळे उत्पादन घटून प्रत्येकाला 11 हजारच मिळणार असतील, तर विषम असलेली तिसरी वाटणी, तिच्यात तळाला 12 मिळतात म्हणून, तो निकष पसंत करील.

निकष कागदावर स्पष्ट असला, तरी तळ कोणता हे ठरवताना चूक होते, आणि ही चूक भिवंडीच्या यंत्रमागालाही लागू झालेल्या सरकारी योजनांच्या आखणीत सहज दिसते. 1 एप्रिल 1999 रोजी सुरू झालेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेने आधुनिक यंत्रांसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजदरात पाच टक्के-बिंदूंची सूट दिली. जो मोठे कर्ज काढू शकतो, त्यालाच तिचा लाभ सुलभ होता, आणि अशा योजनेचे समर्थन एकूण उत्पादनाच्या बेरजेवर होते. पुढे 1 एप्रिल 2017 रोजी भिवंडीतूनच पॉवरटेक्स इंडिया या योजनेचा आरंभ झाला. तिच्यातील साध्या मागांच्या उन्नयनाच्या भागात आठ मागांपर्यंतच्या छोट्या घटकांना, प्रवर्गानुसार, खर्चाच्या 50, 75 आणि 90 टक्के मदत ठरली. धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी साधने या मदतीतून बसवता येत होती. दुसरी योजना तळाकडे पाहणारी वाटते, पण तिचा तळ मागमालकांमधला आहे. धागा तुटताच माग स्वतः थांबू लागला की एक विणकर पूर्वीपेक्षा जास्त माग सांभाळू शकतो, आणि मालकाची वाढलेली मिळकत पाहून योजना यशस्वी ठरवली जात असतानाच एखाद्या विणकराचे काम जाऊ शकते. मॅक्सिमिन खरोखर लावायचा, तर मदत घेणाऱ्याची मिळकत न मोजता योजनेनंतर सर्वांत कमी मिळवणाऱ्या घराची मिळकत मोजली पाहिजे.

वरच्या उदाहरणातल्या तिन्ही वाटण्यांतून एकच निवडायची, या मर्यादेमुळेही वाद तीव्र होतो. दुसऱ्या वाटणीत सर्वांत वरच्या गटाकडून 5 हजार कर घेतला आणि वसुली व वाटपात 2 हजार गळून तळाला 3 हजारच पोहोचले असे मानले, तरी 13, 25, 40 आणि 85 अशी वाटणी होते. तिच्यातला तळ तिसऱ्या वाटणीच्या 12 पेक्षा उंच आहे आणि तिचा गुणाकार 11,05,000 असल्याने बर्नुलीच्या हिशेबानेही ती तिन्हींपेक्षा वरचढ ठरते. तळापर्यंत 2 हजारच पोहोचले, तर मॅक्सिमिनच्या दृष्टीने ती तिसरीच्या बरोबरीची होते. अशा वेळी तळ सारखा असल्यास त्याच्या वरच्या माणसाकडे पाहावे, ही अमर्त्य सेन यांनी 1970 साली मांडलेली दुरुस्ती लावली, की 18 पेक्षा 25 मोठे असल्याने तीच पुढे जाते. त्याहून जास्त गळती झाली, तर मात्र मॅक्सिमिनवाद्याला तिसरी वाटणीच घ्यावी लागते. म्हणजे गळती किती, हा कारभाराचा प्रश्न येथे तात्त्विक वादाचा निकाल लावतो.

असे हस्तांतरण महाराष्ट्राने प्रत्यक्ष केलेले आहे. 1972च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला 1977च्या कायद्याने आधार मिळाला, तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला, आणि तिच्यासाठी 1975च्या कायद्याने नोकरी-व्यवसायावर व्यवसाय कर बसवण्यात आला. काम अंगमेहनतीचे आणि मजुरी माफक असल्यामुळे ज्याला दुसरा आधार नाही तोच मागणी करतो, आणि त्यामुळे तळ कोण हे कोणा अधिकाऱ्याने ठरवण्याऐवजी कामाची मागणीच ठरवते; मालकांमध्येच तळ शोधण्याची जी चूक पॉवरटेक्समध्ये दिसते ती येथे बरीच टळते. परंतु ही हमी मुख्यतः ग्रामीण भागापुरती राखली गेली, आणि माग बंद पडल्यावर भिवंडीतला कांडी भरणारा कामगार, ज्या शहरी मिळकतीवरून हा कर वसूल होतो तिच्याच परिसरात राहूनही, त्या हमीच्या बाहेर राहतो. उपयोगितावादाने त्याच्या हातातल्या रुपयाचे मोल सर्वाधिक ठरवले आणि मॅक्सिमिनने त्याला मोजणीच्या आरंभीच ठेवले. त्याला हमीच्या आत आणणे हा दोन्ही निकषांची एकमुखी शिफारस असलेला निर्णय आहे, आणि मंदीच्या महिन्यांसाठी शहरी यंत्रमाग कामगाराला कामाची हमी देऊन तो अमलात आणता येईल.