न्यूमोनियाची म्हणून ओळखली जाणारी लस



आपल्या मंडळातील कुटुंबांची एक जुनी रीत आहे. लेक बाळंतपणाला साताऱ्याला किंवा सांगलीला माहेरी जाते आणि तान्हे मूल दोन-अडीच महिन्यांचे झाले की आगगाडीने पुन्हा इकडे येते. त्या रीतीविषयी आमची तक्रार नाही. परंतु बाळाच्या लसींचे वेळापत्रक नेमके याच प्रवासात मोडते, आणि बालरोगतज्ज्ञ या नात्याने आम्हांस आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

हिबची मात्रा बाळाला पेंटाव्हॅलंट नामक पंचगुणी लसीतून 6, 10 आणि 14 आठवड्यांना दिली जाते. न्यूमोकॉकसची लस 6 व 14 आठवड्यांना आणि पुन्हा 9 महिन्यांना टोचतात. सरकारी दवाखान्यात दोन्ही विनामूल्य मिळतात. न्यूमोकॉकसची लस 2017 मध्ये काही राज्यांत आली आणि 2021 मध्ये देशभर पोहोचली. तिला सर्वत्र 'न्यूमोनियाची लस' म्हणतात. त्यामुळे बाळाची छाती स्वच्छ आहे, मग घाई कशाची, असे घरच्यांना वाटते.

वास्तविक हे दोन्ही जंतू पुष्कळांच्या नाकाघशात निरुपद्रवीपणे राहतात. तेथून ते कानात उतरले तर कान फुटतो, फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. रक्तात शिरले तर सांध्यात पू होऊ शकतो, सर्वांगात विषबाधा पसरू शकते, आणि ते मेंदूच्या आवरणांपर्यंतही पोहोचतात. या शेवटच्या आजारास आम्ही मेनिंजायटिस म्हणतो. हिबमुळे क्वचित श्वासनलिकेवरील झाकण सुजून मूल काही तासांत गुदमरते. (हिबच्या मूळ नावात 'इन्फ्लुएंझा' आहे, तो एकोणिसाव्या शतकातील गैरसमज, फ्लूशी या जंतूचा संबंध नाही.)

दोन्ही जंतूंच्या अंगावर शर्करेचे कवच असते. दोन वर्षांखालील बालकाचे शरीर हे कवच शत्रूचे म्हणून ओळखतच नाही. म्हणून लस बनविताना त्या शर्करेला एका प्रथिनाची जोड देतात. मग सहा आठवड्यांचे बाळही तिला ओळखू लागते. मात्र एका मात्रेने ही ओळख पक्की होत नाही. इकडे आईकडून मिळालेले संरक्षण तर काही महिन्यांतच ओसरते.

याच मधल्या काळात आमच्याकडे एक मुलगी आली. वय पाच महिने. माहेरी सहा आठवड्यांच्या लसी झाल्या होत्या. पुढच्या प्रवासात राहून गेल्या. दोन दिवस ताप होता, दात येत असतील म्हणून घरी थांबले. तान्ह्या मुलाची मान ताठ झालीच पाहिजे असे नसते, हिचीही नव्हती. पण ती अंगावर पीत नव्हती, उचलून घेतले की अधिकच किंचाळत होती, आणि डोक्यावरची टाळू शांत असतानाही फुगून वर आली होती. पाठीच्या मणक्यांतून काढलेले पाणी, जे नितळ असावयास हवे, ते गढूळ निघाले. त्यात न्यूमोकॉकस सापडला.

दोन आठवडे शिरेतून औषधे देऊन मुलगी वाचली, हसू लागली. आजीबाई पेढे घेऊन आल्या. आम्ही मात्र श्रवणचाचणीचा आग्रह धरला, कारण हा दाह आतल्या कानातील शंखाकृती भागात सहज शिरतो. चाचणीत दोन्ही कान बहिरे निघाले. राहिलेल्या मात्रांनी हे टळलेच असते काय? निश्चित सांगता येत नाही. न्यूमोकॉकसचे शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि लसीत त्यांतील मोजकेच, अधिक घातक असे, घेतलेले असतात. मेनिंजायटिस अन्य जंतूंनीही होतो. परंतु दोन मात्रा वेळेवर झाल्या असत्या तर संभव खचित कमी झाला असता.

येथे दिवस मोजावे लागतात. या दाहानंतर शंखातील पोकळी काही आठवड्यांत हाडाने भरू लागते. ती भरली की कृत्रिम श्रवणयंत्राची तार आत सरकत नाही. म्हणून शस्त्रक्रियेसाठी मूल मोठे होण्याची वाट पाहता येत नाही.

राहिलेल्या लसींचे काय, असे आईने विचारले. आजार होऊन गेला तरी लस हवीच, आणि पहिली मात्रा वाया जात नाही. जेथे थांबले तेथूनच पुढे जावयाचे. आम्ही त्याच आठवड्यात एका मांडीत पेंटाव्हॅलंटची दुसरी आणि दुसऱ्या मांडीत न्यूमोकॉकसची दुसरी मात्रा दिली. चार आठवड्यांनी पेंटाव्हॅलंटची तिसरी झाली. न्यूमोकॉकसची तिसरी नवव्या महिन्यासाठी ठेवली, कारण तिला मधे किमान आठ आठवड्यांचे अंतर लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी सर्वप्रथम मागितले ते लसीकरणाचे कार्ड. श्रवणयंत्र बसविलेल्या मुलांना मेनिंजायटिसचा धोका इतरांहून अधिक असतो, आणि त्यात न्यूमोकॉकसचाच वाटा मोठा. कार्ड साताऱ्यालाच राहिले होते; मामाने त्याचे छायाचित्र फोनवर पाठविले.